रद्द झालेली लेक्चर आणि शनिवार-रविवारचे जादा वर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसायनशास्त्र विभाग, तृतीय वर्ष बीएस्सी

भौतिक रसायनशास्त्र शिकवणारे आपले सर गेले चार आठवडे वैद्यकीय रजेवर आहेत. सोमवारी लावलेल्या नोटिशीत मी फक्त तारखा आणि वेळा दिल्या होत्या. त्यानंतर विभागात, जिन्यावर, ग्रुपवर आणि पालकांच्या फोनवरून इतके प्रश्न आले की, प्रत्येकाला वेगळं उत्तर देताना कुणाला अर्धवट माहिती मिळेल अशी मला भीती वाटली. म्हणून सगळं एकदाच लिहिते आहे. सोमवारच्या नोटिशीत आणि यात काही फरक दिसला, तर इथे लिहिलेलं बरोबर धरा.

सरांना काय झालंय? ते बरे आहेत ना?

सरांची तब्येत सुधारते आहे आणि ते घरी आले आहेत. आजाराचं नाव मी सांगणार नाही. ते सांगायचं की नाही हे सरांनी ठरवायचं आहे. रजेचा अर्ज आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र माझ्या टेबलावरून पुढे जातं म्हणून ती माहिती मला आहे, तेवढ्यावरून ती वाटण्याचा अधिकार मला मिळत नाही. ग्रुपवर दोन-तीन आजारांची नावं फिरत आहेत. त्यांपैकी कुठलंही खरं धरून पुढे पाठवू नका. अशा एका मेसेजमुळे सरांच्या घरी दिवसभर फोन वाजत राहिले आणि ज्या माणसाला झोपेची गरज होती त्याला ती मिळाली नाही.

भेटायला जायचं असेल तर अजून थोडं थांबा. विभागाच्या ऑफिसात एक पाकीट ठेवलं आहे. चिठ्ठी लिहून त्यात टाका, मी दर शुक्रवारी पोहोचवते. अभ्यासातल्या शंका मात्र सरांना पाठवू नका. ते आजारपणातही उत्तर द्यायला बसतात. त्या शंका माझ्याकडे आणा.

नेमकी किती लेक्चर बुडाली? कुणी बारा म्हणतं, कुणी सात.

अकरा. बारा आणि सात हे आकडे कुठून आले तेही सांगते, कारण दोन्हींमागे हिशेब आहे.

या पेपरची आठवड्याला तीन लेक्चर असतात, म्हणजे चार आठवड्यांची बारा होतात. पण त्यातला एक दिवस मुळातच सुट्टीचा होता. सर हजर असते तरी त्या दिवशी लेक्चर झालं नसतं, म्हणून ते बुडालेल्यांत धरायचं नाही. आपला पेपर तीन क्रेडिटचा आहे. एका क्रेडिटला १५ तास या हिशेबाने ४५ लेक्चर होतात, आणि ही ४५ सुट्ट्या वगळूनच वेळापत्रकात बसवलेली होती. त्यातली ११ झाली नाहीत.

या अकरांपैकी चार तासांना वर्ग रिकामा नव्हता. सेंद्रिय आणि असेंद्रिय रसायनशास्त्राच्या मॅडमनी त्या वेळात आपापले विषय पुढे नेले. त्यांनी ते तास आपल्याकडून उसने घेतले आहेत. आता त्या आपल्या वेळापत्रकातले चार तास परत देतील, दर आठवड्याला एक. त्यामुळे ही चार लेक्चर सोमवार ते शुक्रवार, नेहमीच्या कॉलेजच्या वेळेतच होतील. उरली सात. शनिवार-रविवारी फक्त ही सात भरून काढायची आहेत.

मग पहिल्याच आठवड्यात अशी अदलाबदल का केली नाही? आम्ही तीन दिवस नुसते बसून होतो.

ही चूक माझी आहे. सरांचा पहिला अर्ज पाच दिवसांचा होता. पाच दिवसांसाठी तीन शिक्षकांचं वेळापत्रक हलवण्यापेक्षा सर आल्यावर ते स्वतः भरून काढतील, असा विचार मी केला. मग प्रमाणपत्र आलं, रजा वाढली, पुन्हा वाढली. दुसऱ्या दिवशीच अदलाबदल सुरू केली असती, तर आणखी तीन लेक्चर वाचली असती आणि रविवारी तुम्हाला बोलवावं लागलं नसतं. यापुढे विभागात कुणीही दोन दिवसांपेक्षा जास्त रजेवर गेलं तर तिसऱ्या दिवशी अदलाबदलीचं वेळापत्रक बोर्डवर लागेल. सहकाऱ्यांशी बोलून हे ठरवलं आहे.

तासिका तत्त्वावर बाहेरून शिक्षक का बोलावला नाही, असंही काहींनी विचारलं. त्यासाठी जाहिरात, मुलाखत आणि मंजुरी एवढी वाट चालावी लागते. ती पूर्ण होईपर्यंत सरांची रजाच संपली असती.

जादा वर्ग कधी आणि किती वाजता?

येत्या शनिवारपासून पाच शनिवार-रविवार मिळून सगळं संपेल. मधला तिसरा शनिवार-रविवार पूर्ण मोकळा आहे, कारण त्या दिवशी आपली इमारत एका स्पर्धा परीक्षेचं केंद्र आहे. शनिवारी बाकांवर क्रमांक चिकटवतात आणि वर्गांना कुलूप लागतं.

पहिल्या शनिवारी सकाळी ९ ते ११.१० या वेळात सगळ्या वर्गाची दोन लेक्चर होतील, मध्ये दहा मिनिटांची सुट्टी. त्यानंतर ११.३० ते २.३० ए बॅचचं प्रॅक्टिकल. दुसऱ्या शनिवारी याच वेळेला दोन लेक्चर आणि बी बॅचचं प्रॅक्टिकल. त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी ८ ते १०.१० फक्त दोन लेक्चर, प्रॅक्टिकल नाही. चौथ्या शनिवारी ९ ते १० शेवटचं, सातवं लेक्चर आणि नंतर ए बॅचचं दुसरं प्रॅक्टिकल. पाचव्या शनिवारी फक्त बी बॅच, फक्त प्रॅक्टिकल, ९ ते १२.

बी बॅचच्या मुलांनी पहिल्या आणि चौथ्या शनिवारी, ए बॅचच्या मुलांनी दुसऱ्या शनिवारी लेक्चर संपल्यावर घरी जायला हरकत नाही.

रविवार खरंच टाळता आला नसता का?

मी बराच प्रयत्न केला. अडचण अंतर्गत चाचणीची आहे. ती तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी आहे आणि सगळ्या विभागांची एकत्र असल्याने आपल्यापुरती पुढे ढकलता येत नाही. चाचणीत रासायनिक गतिकीवर प्रश्न आहेत आणि सरांच्या रजेत नेमकं तेच प्रकरण अडकलं. चाचणीआधी त्याची सहा लेक्चर व्हायला हवीत. दोन शनिवारांत चारच होतात. शनिवारी तीन-तीन लेक्चर लागोपाठ घेता आली असती, पण ज्या बॅचला पुढे तीन तास प्रयोगशाळेत उभं राहायचं आहे तिच्यासाठी ते फार झालं असतं. शिवाय टक्कर सिद्धांत आणि लिंडेमनची यंत्रणा एकाच सकाळी एकावर एक ओतली, तर दुपारपर्यंत दोन्हींची खिचडी होते. इतक्या वर्षांत मी ते अनेकदा पाहिलं आहे.

म्हणून एक रविवार घेतला, एकच. सातवं लेक्चर अतिजलद अभिक्रियांच्या मापनाच्या पद्धतींवर आहे आणि ते चाचणीनंतर होईल, त्यामुळे तो भाग चाचणीला नाही.

रविवारी मेगाब्लॉक असतो. कल्याण-कर्जतच्या पलीकडून आम्ही यायचं कसं?

रविवारची वेळ सकाळी आठची ठेवण्याचं हेच कारण आहे. मध्य रेल्वेचा आणि हार्बरचा ब्लॉक साधारण सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारच्या आसपास संपतो. पश्चिम रेल्वेचा जम्बोब्लॉकही दिवसा असला तर साधारण त्याच वेळात असतो. लेक्चर १०.१० ला संपलं आणि तुम्ही लगेच दादर स्टेशन गाठलंत, तर ब्लॉक लागण्याआधी ठाण्याच्या पुढे निघून जाल. दहा वाजताचा वर्ग ठेवला असता तर तुम्ही आला असतात, पण बारा वाजता परतताना अर्ध्या वाटेत अडकला असता. पालकांना सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते आहे आणि ती रास्त आहे.

ब्लॉक नेमका कुठल्या मार्गावर आणि कुठल्या स्टेशनांदरम्यान आहे हे रेल्वे एक-दोन दिवस आधी जाहीर करते. शनिवारी दुपारी मी ते बोर्डवर आणि ग्रुपवर टाकेन. सकाळी येताना मात्र लक्षात ठेवा, रविवारच्या वेळापत्रकात गाड्या कमी असतात. रोजची ६.४० ची गाडी रविवारी असेलच असं नाही, आदल्या रात्री बघून घ्या. विद्यार्थी सवलतीचा पास रविवारीही चालतो, वेगळं तिकीट काढायची गरज नाही. पंधरा-वीस मिनिटं उशीर झाला तरी वर्गात या, हजेरी मी दुसऱ्या तासाच्या सुरुवातीला पुन्हा घेईन.

मी शनिवार-रविवारी काम करतो. नाही आलो तर हजेरी जाईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला आणि काहींनी फार घाबरून विचारला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

झालं नाही ते लेक्चर हजेरीच्या हिशेबात येत नाही, ना घेतलेल्यांत ना तुमच्या उपस्थितीत. सर रजेवर असताना तुम्ही वर्गात होतात की नव्हतात याने काही फरक पडत नाही. जादा लेक्चर झालं की ते घेतलेल्या लेक्चरांत मोजलं जातं. सत्राअखेर एकूण घेतलेली लेक्चर ४५ होतील, त्यातली ३८ सोमवार ते शुक्रवारची आणि ७ शनिवार-रविवारची. विद्यापीठाच्या ७५ टक्क्यांच्या अटीसाठी ४५ पैकी किमान ३४ ला हजर असावं लागेल.

आता दोन विद्यार्थी घेऊ. पहिली मुलगी ३८ च्या ३८ लेक्चरना बसली, पण शनिवार-रविवारी ट्यूशन घेते म्हणून जादा वर्गाला एकदाही आली नाही. तिचे ४५ पैकी ३८ होतात, म्हणजे ८४ टक्क्यांच्या वर. तिला हजेरीची चिंता नाही. दुसरा मुलगा ३८ पैकी ३० ला हजर होता. फक्त या ३८ च्या हिशेबाने तो ७९ टक्क्यांच्या आसपास आहे आणि स्वतःला सुरक्षित समजतो. पण सातही जादा लेक्चर चुकवली तर त्याचे ४५ पैकी ३० राहतात, म्हणजे ६७ टक्क्यांच्या खाली. चार जादा लेक्चरना आला तर ३४ होतात आणि तो अटीत बसतो. तीनच केली तर ३३, आणि तो बाहेर.

म्हणजे जे काठावर आहेत त्यांनाच जादा वर्गांचा फरक पडतो, आणि नेमके तेच स्वतःला काठावर समजत नाहीत. प्रत्येकाची आतापर्यंतची उपस्थिती क्रमांकानुसार विभागाच्या दाराशी लावली आहे. तुमचा आकडा बघा आणि ३४ पर्यंत पोहोचायला किती हवेत ते मोजा. हिशेब जमेना तर क्रमांक घेऊन माझ्याकडे या, दोन मिनिटांत बसवून देते.

ज्यांचं घर त्यांच्या पगारावर चालतं त्यांनी मालकाचं पत्र आणायची गरज नाही. मला येऊन सांगा. काही मुलं पहाटे पेपर टाकतात, काही शनिवारी दुकानात उभी असतात, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी काय करता येईल ते पुढच्या उत्तरात आहे.

रविवारी सकाळी चर्चला जायचं असतं, किंवा एनसीसीची परेड असते. पर्याय आहे का?

आहे. रविवारची दोन्ही लेक्चर मी मंगळवारी दुपारी ३.३० ते ५.३० जशीच्या तशी पुन्हा घेईन. रविवारी ज्यांना खरोखर जमत नाही त्यांनी त्या आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत ऑफिसातल्या वहीत नाव लिहावं. कारण लिहिलंच पाहिजे असं नाही. मंगळवारची हजेरी रविवारइतकीच धरली जाईल. रविवारी येऊ शकणाऱ्यांनी मात्र रविवारीच यावं, कारण मंगळवारच्या दुसऱ्याच दिवशी चाचणी आहे आणि मधे अभ्यासाला एक रात्रच मिळते.

शनिवारच्या लेक्चरची अशी पुनरावृत्ती मला करता येणार नाही. फळ्याचे फोटो आणि सोडवलेली गणितं त्याच संध्याकाळी ग्रुपवर येतील.

ऑनलाइन का घेत नाही? घरबसल्या झालं असतं.

लेक्चरपुरता तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि मी त्याचा विचार केला. वर्गात विचारलं तेव्हा अठरा-वीस जणांनी हळूच सांगितलं की, घरी एकच खोली आहे आणि रविवारी सगळे घरात असतात. एकीने सांगितलं की, ती मोरीत बसून ऑनलाइन तास करायची. त्या मुलांना फळ्यासमोर बसवायचं असेल तर कॉलेजच उघडावं लागेल.

दुसरं कारण विषयाचं आहे. गतिकीत समीकरण कुठून आलं हे एकेक ओळ फळ्यावर उतरताना बघावं लागतं आणि गणित स्वतःच्या वहीत सोडवताना कुणीतरी मागून बघावं लागतं. म्हणून प्रत्येक जोडीतलं पहिलं लेक्चर सिद्धांताचं आणि दुसरं पूर्ण गणितांचं ठेवलं आहे. लॉग टेबल किंवा साधा कॅल्क्युलेटर आणा.

प्रॅक्टिकल मधल्या सुट्टीत दीड-दीड तासांत संपवता येणार नाहीत का? सलग तीन तास कशाला?

चार आठवड्यांत प्रत्येक बॅचची चार प्रॅक्टिकल यायला हवी होती. त्यातली दोन, वाहकतामापीवरचं अनुमापन आणि रंगमापीवरचं, असेंद्रियच्या मॅडमनी त्याच वेळेत करून घेतली. ती तशी सुटी करता येतात. उरलेली दोन गतिकीची आहेत: मिथाइल अॅसिटेटचं आम्लाच्या उपस्थितीत जलअपघटन, आणि पोटॅशियम परसल्फेट व पोटॅशियम आयोडाइड यांची अभिक्रिया. ही तुकड्यांत होत नाहीत.

पहिल्याचंच उदाहरण घ्या. हायड्रोक्लोरिक आम्लात एस्टर मिसळलं त्या क्षणी घड्याळ सुरू होतं. मग दर दहा मिनिटांनी पिपेटने ५ मिली मिश्रण काढायचं, बर्फाच्या पाण्यात सोडून अभिक्रिया मंदावायची आणि फेनॉल्फ्थॅलिन घालून सोडियम हायड्रॉक्साइडशी अनुमापन करायचं. अशी सहा-सात वाचनं घेण्यात तास-सव्वा तास जातो. तुम्ही घंटा झाली म्हणून निघून गेलात तरी फ्लास्कमधली अभिक्रिया थांबत नाही. दुसऱ्या दिवशी नवं मिश्रण करून पुढची वाचनं जोडलीत, तर तापमान वेगळं, आम्ल थोडं वेगळं, आणि दोन वेगळ्या अभिक्रियांचे आकडे एकाच आलेखावर येतात.

शिवाय इन्फिनिटी रीडिंग लागतं, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्यावरचं वाचन. त्यासाठी त्याच मिश्रणाचा एक भाग बूच लावून कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवतो. घाईत तुम्ही काय करता ते मला दर वर्षी दिसतं: पाणी फार गरम करता आणि बूच लावायला विसरता. मिथाइल अॅसिटेट ५७ अंशांच्या आसपास उकळतं. बूच नसेल तर ते अभिक्रिया करण्याऐवजी हवेत उडून जातं. मग जेवढं अॅसिटिक आम्ल तयार व्हायला हवं तेवढं होत नाही आणि इन्फिनिटी रीडिंग कमी येतं. हे आलेखावर ओळखता येतं. इन्फिनिटी रीडिंगमधून प्रत्येक वाचन वजा करून त्याचा लॉग वेळेसमोर मांडला की सरळ रेषा यायला हवी. सुरुवातीचे बिंदू रेषेत आहेत आणि शेवटचे खाली वाकतात असं दिसलं, तर बुचाचा किंवा घाईचा दोष समजा. अशा वेळी रेषा ओढूनताणून सरळ करू नका, मला दाखवा. वेळ असेल तर इन्फिनिटी रीडिंग पुन्हा घेऊ, कारण तेवढ्यासाठीच तीन तास ठेवले आहेत.

मग रविवारी प्रॅक्टिकल का नाही? एका दिवसात सगळं आटोपलं असतं.

प्रयोगशाळेचे दोन्ही परिचर हजर असल्याशिवाय मी प्रयोगशाळा उघडत नाही. आम्ल सांडलं किंवा काच लागली तर धावणारा माणूस जवळ लागतो. शनिवारी ते येत आहेत आणि त्याबद्दल त्यांना पुढच्या आठवड्यात बदली सुट्टी मिळेल. तो अर्ज मीच दिला आहे. सहा दिवस काम करणाऱ्या माणसाला सातव्या दिवशीही बोलवायचं हे मला पटत नाही.

जादा प्रॅक्टिकल चुकलं तर जर्नल सर्टिफाय होईल का?

दोनपैकी एक चुकलं तर दुसऱ्या बॅचबरोबर बसता येईल. ए बॅचने दुसऱ्या किंवा पाचव्या शनिवारी, बी बॅचने पहिल्या किंवा चौथ्या शनिवारी यावं, आधी सांगून. एका टेबलावर तिसरा विद्यार्थी बसवता येतो, चौथा नाही. त्यामुळे जागा आधी नाव देणाऱ्याला मिळेल. दोन्ही चुकली तर जर्नल अपूर्ण राहील आणि अपूर्ण जर्नलवर मी सही करणार नाही. मित्राची वाचनं उतरवून आणू नका. दोघांची ब्युरेट वाचनं दुसऱ्या दशांशापर्यंत जुळली की कळतंच.

शिकवणार कोण? सर आले की तेच का घेत नाहीत?

सातही जादा लेक्चर मी घेणार आहे. प्रॅक्टिकल मी आणि असेंद्रियच्या मॅडम मिळून घेऊ. सर सोमवारपासून रुजू होत आहेत, अर्थात डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आल्यावर. त्यांना शनिवार-रविवारी बोलवायचं नाही, हे मी ठरवलं आहे. सर स्वतः ‘माझी लेक्चर मीच भरून काढतो’ म्हणत होते. त्यांना नाही म्हणणं मला अवघड गेलं, पण चार आठवड्यांच्या आजारपणानंतर सात दिवसांचा आठवडा करायला लावला, तर आपण पुन्हा इथेच येऊन उभे राहू.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की, काही आठवडे दोन प्रकरणं शेजारी-शेजारी चालतील. आठवड्यात सर पृष्ठभाग रसायन सुरू करतील. त्या प्रकरणाची बुडालेली चार लेक्चर मॅडम परत देणार असलेल्या चार तासांत होतील, त्यामुळे सरांची आठवड्याला तीनऐवजी चार लेक्चर असतील. शनिवार-रविवारी माझ्याकडे गतिकी. दोन वेगळ्या वह्या करा. दोन्हीकडे k हे अक्षर येतं आणि त्याचा अर्थ वेगळा असतो. एका वहीत लिहिलंत तर परीक्षेआधी स्वतःचंच अक्षर उलगडणार नाही.

प्रमाणपत्र सोमवारपर्यंत आलं नाही, तर आठवड्यातलीही लेक्चर मी घेईन. वर्ग रिकामा राहणार नाही.

मुसळधार पाऊस पडला तर?

प्रशासनाने सुट्टी जाहीर केली तर जादा वर्गही रद्द. तुमच्या भागात रुळांवर पाणी आहे आणि इथे ऊन आहे असंही होतं. तेव्हा निघू नका, ग्रुपवर स्टेशनचं नाव टाका. त्या दिवशीची तुमची अनुपस्थिती मी वेगळी नोंदवून ठेवेन आणि त्या लेक्चरची भरपाई पाचव्या शनिवारी १२.३० वाजता होईल. पहिले दोन्ही शनिवार पावसात गेले, तर चाचणीत गतिकीचे प्रश्न जेवढं शिकवून झालं आहे तेवढ्यावरच येतील. परीक्षा समितीकडून मी तसं लेखी घेतलं आहे.

कॅन्टीन, ओळखपत्र, पाणी?

शनिवारी कॅन्टीन दोन वाजेपर्यंत चालू आहे, रविवारी बंद. डबा आणा. रविवारी फक्त मागचं फाटक उघडं असेल आणि पहारेकरी ओळखपत्र बघूनच आत सोडतील. तिसऱ्या मजल्यावरचा कूलर चालू ठेवायला सांगितलं आहे.

आई-बाबा म्हणतात रविवारी कुठलं कॉलेज असतं. त्यांना काय दाखवू?

त्यांचं बरोबर आहे. माझ्या सहीचं, विभागाच्या शिक्क्याचं पत्र ऑफिसात ठेवलं आहे. त्यावर तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ आहे. ते घरी न्या. फोन करायचा असेल तर ऑफिसच्या नंबरवर दुपारी दोन ते चार करू द्या, मी बोलेन. सही-शिक्का नसलेली नोटीस कुठेही दिसली तर ती आमची नाही. मध्यंतरी ‘रविवारचा वर्ग रद्द’ असा एक मेसेज फिरला, तो विभागाने पाठवलेला नव्हता.

चौथ्या शनिवारी लेक्चर दहालाच संपतं, प्रॅक्टिकल साडेअकराला. मधल्या वेळात काय?

तो वेळ मी मुद्दाम रिकामा ठेवला आहे. तोपर्यंत चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासून झालेल्या असतील. मी वर्गातच थांबेन. गतिकीच्या प्रश्नात ज्यांचे गुण गेले त्यांनी आपली उत्तरपत्रिका घेऊन पुढच्या बाकावर यावं, एकेक करून बघू. बी बॅचच्या मुलांनाही थांबता येईल.